लंडनमधली पहिली संध्याकाळ: नमस्कार, रांग आणि टिप

(दृश्य: हॉटेलचं काउंटर, संध्याकाळचे सहा)

काउंटरमागची मुलगी मान वर करते आणि म्हणते, "यू ऑलराईट?" पहिल्यांदा आलेला मराठी माणूस इथे दचकतो. आपला चेहरा उतरलाय का? बरं वाटत नाहीये असं दिसतंय का? मग तो प्रामाणिकपणे सांगायला लागतो, की विमानात झोप झाली नाही आणि डोकं जड झालंय.

तिने प्रकृती विचारलेलीच नाही. कोपऱ्यावर भेटलेला शेजारी "काय, जेवलात का?" म्हणतो, तेव्हा त्याला तुमच्या जेवणाचा मेनू नको असतो, तसंच हे. उत्तर ठरलेलं आहे: "यस, थँक्स. यू?" तिच्या उत्तरासाठीही थांबू नका, सरळ कामाचं बोला. हेच दोन शब्द दुकानात ऐकू आले, तर त्यांचा अर्थ "काय हवंय तुम्हाला?" एवढाच.

आपली खरी अडचण 'प्लीज'ची असते. "जरा पाणी द्या" या वाक्यात नम्रपणा 'जरा'त आहे आणि 'द्या'तही आहे. त्याचं शब्दशः इंग्रजी केलं, की दोन्ही गळून पडतात आणि उरतो हुकूम. मनात काही नसताना आपण उर्मट ठरतो. म्हणून मागणी प्रश्नासारखी करायची आणि शेवटी प्लीज लावायचं: "कॅन आय हॅव सम टॅप वॉटर, प्लीज?" यातला 'टॅप' विसरू नका. नुसतं पाणी मागितलं तर विकतची बाटली येऊ शकते. दारूचा परवाना असलेल्या जागी मागितल्यावर नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं, तसा इंग्लंडमध्ये नियमच आहे.

(दृश्य: बसथांबा, लाल डबलडेकर)

थांब्यावर माणसं कधी ओळीत असतात, कधी विखुरलेली. विखुरलेली दिसली म्हणून रांग नाही असं समजू नका, कोण कोणाच्या आधी आलं हे प्रत्येकाच्या लक्षात असतं. आपली बस दिसली की हात पुढे करायचा, पुढच्या दाराने चढायचं आणि पिवळ्या यंत्राला कार्ड टेकवायचं. 2014पासून लंडनच्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत.

मराठी कुटुंब अडकतं ते इथे. बाबा एकच कार्ड चार वेळा टेकवू बघतात, यंत्र ते घेत नाही आणि मागची रांग खोळंबते. माणशी एक कार्ड किंवा एक फोन लागतो, हे हॉटेलातून निघतानाच वाटून घ्या. 11 वर्षांखालच्या मुलांना बसमध्ये भाडं नाही. मागे कोणी चिडून बोलणार नाही, फार तर एक सुस्कारा ऐकू येईल. लंडनमध्ये तो सुस्कारा म्हणजे चांगलंच भांडण झालं.

(दृश्य: पब. काउंटरवर कोपर टेकून उभी असलेली माणसं)

आता सगळ्यात अवघड रांग. अवघड, कारण ती दिसतच नाही. पबमध्ये सहसा कोणी टेबलाशी येऊन ऑर्डर घेत नाही. काउंटरवर जायचं, सांगायचं, तिथेच पैसे द्यायचे आणि ग्लास आपणच उचलून आणायचे. माणसं काउंटरच्या लांबीभर आडवी उभी असतात, तरी पोहोचताना आपल्याआधी कोण होतं हे प्रत्येकाने टिपलेलं असतं. तुम्हीही टिपा. तुमच्यापुढे तिघे असतील, तर त्या तिघांचं होईपर्यंत तुमची पाळी नाही, मग तुम्ही पेय ओतणाऱ्याच्या अगदी समोर का उभे असेनात.

वडापावच्या गाडीवर नोट पुढे धरून "दादा, दोन द्या" म्हटल्याशिवाय आपला नंबर लागत नाही. इथे नेमकी तीच सवय नडते. नोट हलवणं, चुटकी वाजवणं, हाक मारणं, यातलं काहीही केलं की तुम्ही सोयिस्करपणे नजरेआड होता. कार्ड हातात धरून नुसतं बघायचं, नजरानजर झाली की पुरे. "हू इज नेक्स्ट?" असं विचारलं आणि शेजारचा आधी आलेला असेल, तर त्याच्याकडे हात करायचा. तो पुढच्या वेळी तुमच्याकडे करेल. अलीकडे काही पबमध्ये लोक एकामागे एक सरळ ओळही लावतात. तशी दिसली तर मुकाट्याने तिच्या टोकाला जा.

ऑर्डर सगळ्यांची एकदम सांगायची. त्यात गिनेस ही काळी बिअर असेल तर तिचं नाव आधी घ्या, कारण ती दोन टप्प्यांत भरतात आणि मध्ये फेस बसू द्यायला दीड-दोन मिनिटं जातात. काउंटरवर टिप द्यायची पद्धत नाही. सुटे पैसे ठेवून गेलात, तर तुम्ही विसरलात असं समजून कोणी हाकही मारेल.

(दृश्य: रेस्टॉरंटमधलं बिल, जवळून)

जेवणाच्या जागी दाराशीच थांबायचं. रिकामं टेबल दिसलं तरी जाऊन बसायचं नाही, कोणीतरी येऊन बसवतं.

आता बिल बघू. दोघांचं जेवण 48 पौंडांचं झालं. मेनूवरच्या किमतीत 20 टक्के व्हॅट धरलेलाच असतो, तो वेगळा वाढत नाही. पण खाली आणखी एक ओळ आहे: 'डिस्क्रेशनरी सर्व्हिस चार्ज, 12.5 टक्के, 6 पौंड'. एकूण 54. टिप म्हणतात ती हीच, बिलात आधीच धरलेली. बडीशेपेच्या बशीत नोट ठेवायच्या आपल्या सवयीने वर आणखी पाच पौंड ठेवले, तर एकाच जेवणाची टिप दोनदा होते.

दुसरा सापळा कार्डाच्या यंत्रात आहे. वेटर यंत्र पुढे करतो आणि पडद्यावर पुन्हा विचारणा येते: 10 टक्के, 12.5, 15, की काहीच नाही? घाईत 10 दाबलं की 54चे 59 पौंड 40 पेन्स होतात. बिलात सर्व्हिस चार्ज असेल तर इथे 'नो टिप' दाबायचं. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही.

'डिस्क्रेशनरी' म्हणजे ऐच्छिक. जेवण तासभर उशिरा आलं, चुकीचं आलं, तर "कुड यू टेक द सर्व्हिस चार्ज ऑफ, प्लीज?" असं शांतपणे म्हणता येतं, आणि नवं बिल निघतं. मात्र सगळं नीट झालेलं असताना सहा पौंड वाचवायला ती ओळ काढायला लावणं कोतेपणाचं दिसतं. 1 ऑक्टोबर 2024पासून कायद्याने ही रक्कम कर वगळता पूर्ण कामगारांपर्यंत पोहोचवणं मालकाला बंधनकारक आहे, त्यामुळे काढलेले पैसे वाढणाऱ्याच्या आणि भटारखान्यातल्या माणसांच्या खिशातून जातात. बिलावर ती ओळ नसेल आणि जेवण टेबलावर आणून दिलेलं असेल, तर मात्र 10 ते 12 टक्के आपणहून द्यायचे.

(दृश्य: रात्र, काळी टॅक्सी, टपावरचा नारिंगी दिवा)

टपावरचा दिवा पेटलेला असेल तर टॅक्सी रिकामी. हात करा, चालकाच्या खिडकीशी जाऊन पत्ता सांगा, तो "येस" म्हणाला की मागे बसा. मीटर 13 पौंड 40 पेन्सवर थांबलं, तर टक्केवारी मांडत बसायची गरज नाही. "मेक इट फिफ्टीन" म्हणा आणि कार्ड टेकवा. तो म्हणेल, "चिअर्स." इथे त्याचा अर्थ धन्यवाद, ग्लास उचलायचा नाही.