रात्री दहाचा आकडा

[दृश्य: मे महिन्यातली पहाट. गच्चीवर आणि अंगणात ओळीने अंथरुणं, खाटा. लांबवर सातपुड्याची रेघ.]

यावल तालुक्यातल्या या गावात मे महिन्यात रात्री घरात झोपायला कुणी तयार नसतं. गच्ची असेल तर गच्चीवर, नाहीतर अंगणात खाट टाकून. आठवीत जाणाऱ्या एका मुलीच्या घरात मात्र आजी आतच झोपते. गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नाही. दोन वर्षांपूर्वी हे कुटुंब पत्र्याच्या घरातून स्लॅबच्या घरात आलं. दुपार सोसवेल अशी झाली, पण रात्री आजी पंख्याखाली पडून तळमळायची आणि म्हणायची, "पत्रानं घर बरं व्हतं व माय, रातले तरी थंडं व्हये."

घरातल्यांना वाटायचं, म्हातारीला जुन्या घराची आठवण येते. नातीला वाटलं, मोजून बघू.

[दृश्य: स्टीलचं पातेलं, बर्फाचा चुरा, वायरीच्या टोकाचे चार सेन्सर.]

फ्रीजला लावतात तसे चार डिजिटल थर्मामीटर तिने बाजारातून आणले. वायरीच्या टोकाला सेन्सर, दुसऱ्या टोकाला छोटा आकड्यांचा डबा. इतक्या स्वस्त थर्मामीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, हे विज्ञानाच्या बाईंनी आधीच सांगितलं होतं. म्हणून गोळेवाल्याकडून बर्फाचा चुरा आणला, तो बुडेल इतकंच पाणी घातलं आणि चारही सेन्सर त्यात सोडले. तिथे शून्य दिसायला हवं. दिसलं ०.३, ०.९, उणे ०.४ आणि १.६.

मग चौघांना एकत्र बांधून कोमट पाण्याच्या बादलीत सोडलं. पहिल्या तिघांतला आपसातला फरक जसाच्या तसा राहिला. चौथा मात्र बर्फात दीड अंशाने पुढे होता, तो इथे तीन अंशांनी पुढे गेला. जो थर्मामीटर नेहमी तेवढंच चुकतो, त्याची चूक वजा करता येते. जो दर वेळी वेगळं चुकतो, त्याचं काही करता येत नाही. दुकानदाराने तो बदलून दिला आणि नव्याचीही बर्फात, बादलीत तपासणी झाली.

तीन घरं ठरली. तिचं स्वतःचं स्लॅबचं, गावाच्या टोकाला काकांचं पत्र्याचं आणि शेजारच्या आबांचं जुनं धाब्याचं. चौथा थर्मामीटर कडुनिंबाच्या सावलीत, बाहेरची हवा मोजायला.

[दृश्य: पत्र्याखालचा लोखंडी पाइप. त्याला लटकलेली वायर.]

पहिल्या दिवशी दुपारी तीनला काकांच्या घरातला आकडा होता ५१. ती धावतच बाईंकडे गेली. बाईंनी एवढंच विचारलं, "सेन्सर कुठे लावलाय?" तो पत्र्याखाली वीतभर अंतरावर लोंबत होता. तापलेल्या पत्र्याची धग थेट त्याच्यावर येत होती. घरातली माणसं काही तिथे राहत नाहीत. ती खाटेवर बसतात, जमिनीवर जेवतात.

'जळगावचा पारा ४४ वर' असं आपण वर्तमानपत्रात वाचतो. हवामान खात्याचा तो थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो. हवा आत खेळते, ऊन आणि धग मात्र पोहोचत नाही. मुलीने तिन्ही घरांत आणि कडुनिंबाखाली तीच उंची घेतली. खोलीच्या मधोमध दोरी सोडली आणि प्रत्येक सेन्सरवर कागदी पेला उलटा टांगला. पेल्याला बाहेरून चकाकता चांदीचा कागद, वर हवेसाठी भोकं. काकांच्या घरातला आकडा ४५.५ वर आला. पहिल्या दिवसाचं पान तिने फाडलं नाही, त्यावर एक तिरपी रेघ मारली. वही उघडली की ते पान अजून पहिलं दिसतं.

मग तीन दिवस, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी, शिवाय दुपारी तीनला आणि पहाटे पाचला एकेकदा, ती तिन्ही घरांत जाऊन आकडे लिहीत होती. दुसऱ्या दिवसाचं पान पाहू.

दुपारी तीन. कडुनिंबाखाली ४३.५. पत्र्याखाली ४५.५, म्हणजे बाहेरच्या सावलीपेक्षाही जास्त. स्लॅबखाली ३९. धाब्याखाली ३५.५.

रात्री दहा. बाहेर ३४. पत्र्याखाली ३४.५. धाब्याखाली ३६. आणि स्लॅबखाली ३९. दुपारी जो आकडा होता, तोच.

[दृश्य: स्टुलावर उभी मुलगी, छताला टेकवलेला तळहात.]

त्या रात्री ती स्टुलावर चढली आणि छताला हात लावला. हात पटकन मागे आला. चिकटपट्टीने सेन्सर छतालाच चिकटवला, तर तो ४२ दाखवू लागला. सूर्य मावळून तीन तास झाले होते.

पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. उष्णता साठवायला त्याच्याकडे जागाच नाही. ऊन पडलं की तापतो, ऊन गेलं की मोकळ्या आकाशाकडे उष्णता टाकून तासाभरात निवतो. चार-पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पीत राहतो. वरच्या बाजूची उष्णता कासवाच्या गतीने खाली सरकते आणि खालच्या बाजूला पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. म्हणजे आजी अंथरुणाला पाठ टेकते, नेमकी तेव्हाच दुपार तिच्या छतातून खाली उतरत असते. पंखा ती धग अडवत नाही. उलट छताजवळची तापलेली हवाच खाली ढकलतो.

आजीला आकडे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मी काय सांगी राहिंतू मंग?"

एका पानावर एक विचित्र उंचवटा होता. संध्याकाळी सहा ते आठमध्ये बाहेरचा पारा उतरत असताना काकांच्या घरातला चढला होता. छप्पर निवताना घर तापत असेल, तर उष्णता घरातूनच येत असणार. काकूंची चूल! भाकरी त्याच वेळेला होतात. तिने तो आकडा गाळला नाही, त्याच्यापुढे 'चूल' असं लिहिलं.

[दृश्य: आबांचं घर. लाकडी सर, त्यांवर काड्या, वर मातीचा थर.]

धाब्याच्या घरात दिवसभरात जेमतेम अडीच अंशांची चढउतार. वर फूटभर माती, म्हणून दुपारची उष्णता आत फार हळू आणि फार थोडी पोहोचते. पण आबा लगेच सांगतात, मृगाआधी दर वर्षी वर पांढरी माती टाकावी लागते, नाही टाकली की गळतं. लाकूड परवडत नाही आणि हे काम जाणणारी माणसंही आता सापडत नाहीत.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, "प्रत्येक प्रकारची घरं किती?" ती म्हणाली, "एकेकच, सर. आणि आबांच्या भिंती दोन फूट जाड मातीच्या आहेत, त्यामुळे तिथला गारवा सगळा छपराचाच, असं मला म्हणता येणार नाही." तक्त्यावर तिने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'या तीन घरांपुरतं'.

[दृश्य: गच्ची. चुन्याची बादली, कुंचा.]

यंदा गल्लीतल्या दोन स्लॅबच्या घरांवर तिची नजर आहे. एकाच ठेकेदाराने बांधलेली, एकाच तोंडाची, सारख्याच उंचीची. एकाच्या गच्चीला चुना लागणार, दुसऱ्याच्या नाही. त्याआधी आठवडाभर, चुना न लावता, दोन्हीकडे रात्री दहाला मोजायचं. दोन घरांत मुळातच फरक असेल तर तो आधी कळायला हवा. चुना लागणार आहे तो आजीच्या घराला. बर्फाचा चुरा आज सकाळीच आणलाय.