रुपया घसरल्यावर व्यापारी तूट कधी कमी होते?
(लातूर येथे वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आणि व्यापारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, रुपया घसरला की दोन मते लगेच ऐकू येतात. एक म्हणते, आता निर्यात वाढेल आणि व्यापारी तूट कमी होईल. दुसरे म्हणते, तेल महागेल आणि तूट आणखी वाढेल. दोन्ही मते आपापल्या जागी बरोबर ठरू शकतात, कारण ती वेगवेगळ्या काळाबद्दल बोलत असतात. कोणते मत केव्हा खरे ठरते, हे आज आपल्याला पाहायचे आहे, आणि त्यासाठी आधी रुपया खरोखर किती घसरला हे मोजायला शिकले पाहिजे.

वर्तमानपत्रात छापला जातो तो बाजारातील दर, म्हणजे एका डॉलरला किती रुपये पडतात तो. पण परदेशी ग्राहकाच्या दृष्टीने आपला माल स्वस्त झाला की नाही, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी दोन्ही देशांतील किमती हिशेबात घ्याव्या लागतात. वास्तविक विनिमय दराचे सूत्र असे आहे:

q = (e × P*) / P

येथे e म्हणजे एका डॉलरचे रुपये, P* म्हणजे परदेशातील किंमत निर्देशांक आणि P म्हणजे आपला किंमत निर्देशांक. q वाढला, तर परदेशी मालाच्या तुलनेत आपला माल स्वस्त झाला, म्हणजेच रुपयाची वास्तविक घसरण झाली.

हिशेबासाठी कल्पित आकडे घेऊ. डॉलर ८० रुपयांवरून ८८ वर गेला, म्हणजे १० टक्क्यांनी महागला. त्याच वर्षात आपल्याकडे किमती ६ टक्क्यांनी वाढल्या आणि परदेशात २ टक्क्यांनी. सुरुवातीचे तिन्ही आकडे १०० धरले, तर ११० ला १०२ ने गुणून १०६ ने भागायचे. उत्तर येते सुमारे १०५.८. म्हणजे बातमी १० टक्क्यांची असली, तरी वास्तविक घसरण जेमतेम ६ टक्के आहे. आता पुढच्या वर्षी डॉलर ८८ रुपयांवरच थांबला आणि महागाईतील फरक तसाच राहिला असे धरा. निर्देशांक १०१.९ पर्यंत खाली येतो. रुपया कोणीही सावरला नाही, तरी दोन वर्षांत निर्यातदाराचा जवळजवळ सारा लाभ देशातल्या महागाईने पुसून टाकला. या दोन वर्षांत निर्यात वाढली नाही, तर घसरणीचा उपाय फसला असे म्हणणे योग्य नाही, कारण टिकाऊ वास्तविक घसरण झालेलीच नव्हती.

एक सावधगिरी येथेच सांगतो. रिझर्व्ह बँक ४० चलनांच्या टोपलीवर आधारित वास्तविक प्रभावी विनिमय दराचा निर्देशांक प्रसिद्ध करते आणि त्याचे आधारवर्ष २०१५-१६ आहे. त्या निर्देशांकाची दिशा आपल्या सूत्राच्या उलट आहे. तो वाढला, तर रुपया वास्तविक अर्थाने महागला असे समजावे. विद्यार्थी दोन्ही व्याख्या एकाच उत्तरात वापरतात आणि निष्कर्ष नेमका उलटा येतो.

आता व्यापारतोलाकडे, म्हणजे निर्यात आणि आयात यांच्यातील फरकाकडे वळू. वास्तविक घसरण झाली की दोन परिणाम होतात आणि ते एकमेकांविरुद्ध काम करतात. आयातीचा प्रत्येक नग रुपयांत महाग होतो, त्यामुळे बिल फुगते. आणि महाग झालेली आयात लोक कमी घेतात, स्वस्त झालेली निर्यात परदेशी ग्राहक जास्त घेतात, त्यामुळे तूट घटते. किमतीचा परिणाम पहिल्या दिवसापासून लागू होतो, तर प्रमाणाचा परिणाम हळूहळू येतो. म्हणून तूट आधी वाढते आणि नंतर घटते. इंग्रजी जे अक्षरासारख्या दिसणाऱ्या या वक्रामागचे कारण एवढेच आहे.

तूट अखेर घटेल की नाही, याची कसोटी मार्शल आणि लर्नर यांच्या नावाने ओळखली जाते. लवचिकता म्हणजे किंमत एक टक्का बदलली, तर मागणी किती टक्के बदलते ते माप. निर्यातीच्या मागणीची लवचिकता आणि आयातीच्या मागणीची लवचिकता यांची बेरीज एकाहून अधिक हवी. पाठ्यपुस्तकात ही अट इथेच संपते, पण ती आयात आणि निर्यात सुरुवातीला समान असतील तरच तशी लागू होते. आपली परिस्थिती तशी नाही. २०२३-२४ मध्ये भारताची वस्तुनिर्यात सुमारे ४३७ अब्ज डॉलर आणि वस्तुआयात सुमारे ६७८ अब्ज डॉलर होती, म्हणजे दर १०० रुपयांच्या आयातीमागे ६४ रुपयांची निर्यात. रुपयांत मोजताना निर्यातीच्या लवचिकतेला या ०.६४ ने गुणावे लागते आणि मग त्यात आयातीची लवचिकता मिळवावी लागते. तूट जितकी मोठी, तितकी ही कसोटी कठीण होत जाते.

हेच आकडे घेऊन हिशेब करू. निर्यात ६४, आयात १००, तूट ३६. वास्तविक घसरण १० टक्के. पहिल्या काही महिन्यांत लवचिकता कमी असते, निर्यातीची ०.२ आणि आयातीची ०.१ धरू. निर्यात ६५.३ होते. आयातीचे प्रमाण ९९ वर येते, पण प्रत्येक नग १० टक्के महाग असल्याने बिल १०८.९ होते. तूट ३६ वरून ४३.६ वर जाते. दोन वर्षांनी लवचिकता ०.९ आणि ०.६ झाली असे धरा. निर्यात ६९.८, आयातीचे प्रमाण ९४, बिल १०३.४, तूट ३३.६. सुधारणा झाली, पण ती अडीच रुपयांहून कमी आहे आणि तिच्यासाठी मध्यंतरी साडेसात रुपयांची जादा तूट सोसावी लागली. ती मधल्या काळात कोणत्या पैशाने भरून काढायची, हा प्रश्न परकीय चलनाचा साठा तोकडा असलेल्या देशाला सर्वांत आधी पडतो.

आता हा विलंब नेमका कुठे तयार होतो, ते आपल्या लातूरच्या बाजारात पाहता येते. सोयाबीनच्या गाळपातून साधारण १८ टक्के तेल आणि ८० टक्क्यांहून थोडी जास्त पेंड मिळते. तेल आपल्याला पुरत नाही, म्हणून कच्चे सोयातेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येते. पेंडीचा काही भाग मात्र निर्यात होतो. म्हणजे एकाच दाण्यातून निघणाऱ्या दोन वस्तू व्यापारतोलाच्या दोन बाजूंना बसतात. समजा रुपया ऑगस्टमध्ये घसरला. त्या हंगामाची पेरणी जून-जुलैमध्ये आटोपलेली असते, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये बाजार समितीत किती आवक होणार, हे पिकावर आणि पावसावर ठरते, डॉलरवर नाही. आयात तेल महागल्याने देशी तेलाला भाव मिळतो, पेंडीला डॉलरमागे जास्त रुपये मिळतात आणि गाळप करणाऱ्या कारखान्याला सोयाबीनला चढा दर देणे परवडते. पण तो दर पाहून शेतकरी सोयाबीनचे क्षेत्र वाढवणार ते पुढच्या जूनमध्ये आणि तो माल आडतीवर येणार त्यापुढच्या ऑक्टोबरमध्ये. चौदा महिने गेले. एवढ्यात देशातील महागाईने वास्तविक दर पूर्वपदावर आणला, तर पुरवठा वाढायच्या वेळी फायदाच उरलेला नसतो. मला या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच शर्यत, एका बाजूला उत्पादनाला लागणारा काळ आणि दुसऱ्या बाजूला वास्तविक घसरण टिकण्याचा काळ.

त्यातच धोरणही भर घालते. मे २०२५ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्के करण्यात आले. त्यामागचा हेतू ग्राहकाला दिलासा देण्याचा होता, पण हिशेबाच्या दृष्टीने असा निर्णय त्या वस्तूपुरती रुपयाची मोठी घसरण निष्प्रभ करू शकतो. शुल्क धरून येणारी किंमत पाहिली नाही, तर केवळ विनिमय दरावरून काढलेला अंदाज चुकतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १९६६ चे आहे. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये करण्यात आला. आकडा प्रचंड दिसतो. पण त्याच वेळी निर्यातीला मिळणारी प्रोत्साहने काढून घेण्यात आली, ताग आणि चहा यांसारख्या मालावर निर्यातकर बसवण्यात आले आणि आयात शुल्क कमी करण्यात आले. त्यामुळे निर्यातदाराच्या हाती पडलेली वाढ जाहीर आकड्यापेक्षा बरीच कमी होती. त्यात लागोपाठच्या दुष्काळांनी शेतमालाचा पुरवठा घटवला आणि किमती चढवल्या. अवमूल्यन निष्फळ ठरले असे आजही म्हटले जाते, तेव्हा वास्तविक आणि प्रत्यक्ष लागू झालेले अवमूल्यन किती होते, हे कोणी विचारत नाही. ब्रिटनने १८ नोव्हेंबर १९६७ रोजी पौंड २.८० डॉलरवरून २.४० वर आणला. १९६८ चे वर्ष तुटीतच गेले, १९६९ मध्ये चालू खाते शिलकीत आले. सोबत कर वाढवून देशातील मागणी आवरली गेली होती, हे त्यातले अर्धे कारण आहे. निर्यातीसाठी माल मोकळा व्हायचा, तर देशातील खप कमी व्हावा लागतो.

भारतासाठी आणखी एक दुरुस्ती आवश्यक आहे. आपण केलेल्या हिशेबात निर्यातीचे सौदे रुपयांत होतात असे गृहीत होते. प्रत्यक्षात आपल्या आयातीचे आणि निर्यातीचे बहुतांश व्यवहार डॉलरमध्ये होतात. वाळूजमधील एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचा करार डॉलरमध्ये असेल, तर रुपया घसरल्या दिवशी परदेशी ग्राहकाला किंमत तीच दिसते आणि तो मागणी वाढवत नाही. कारखान्याला मात्र रुपये जास्त मिळतात. अशा वेळी ६४ ची निर्यात ७०.४ होते, १०० ची आयात ११० होते. रुपयांतील तूट ३९.६ दिसते, पण डॉलरमध्ये ती होती तेवढीच राहते. म्हणजे सुरुवातीचा खड्डा आपल्याकडे पाठ्यपुस्तकात दिसतो तेवढा खोल नसतो. त्याचबरोबर निर्यातीतील वाढही उशिरा येते, कारण ती ग्राहकाच्या खिशातून न येता कारखानदाराच्या निर्णयातून येते: वाढलेला नफा त्याने ठेवून घ्यायचा, नव्या यंत्रांत घालायचा की पुढच्या करारात डॉलरचा भाव उतरवायचा. जालन्यातील पोलाद कारखान्यासारखा आयात भंगारावर चालणारा उद्योग असेल, तर त्याचा खर्चही डॉलरबरोबर वाढतो आणि उतरवायला फारसे काही उरत नाही.

मग चालू असलेली वाढीव तूट तात्पुरती आहे की कायमची, हे ओळखायचे कसे? रुपयांतील एकूण तूट पाहून ते कळत नाही. कोलकाता येथील वाणिज्यिक माहिती आणि सांख्यिकी महासंचालनालय आयात-निर्यातीचे एकक मूल्य निर्देशांक, म्हणजे दर नगाच्या किमतीचे, आणि प्रमाण निर्देशांक, म्हणजे नगांच्या संख्येचे, वेगवेगळे प्रसिद्ध करते. घसरणीनंतरच्या तिमाहींत निर्यातीचे प्रमाण चढू लागले असेल, खनिज तेल वगळून उरलेल्या आयातीचे प्रमाण उतरू लागले असेल आणि वास्तविक दर अजून घसरलेलाच असेल, तर तूट वाढलेली दिसली तरी सुधारणा सुरू झाली आहे. प्रमाण हललेच नसेल आणि वास्तविक दर परत आला असेल, तर आणखी वाट पाहून काही होणार नाही. आणि प्रमाण हलले नाही, पण वास्तविक दर टिकून आहे, असे आढळले तर ब्राझीलचे चलन पाहावे. द्विपक्षीय व्यापाराच्या प्रमाणावरून भार ठरवलेल्या निर्देशांकात तिसऱ्या देशाच्या बाजारातील स्पर्धा दिसत नाही, आणि सोयापेंडीच्या बाजारात आपली स्पर्धा ज्यांच्याशी आहे त्या ब्राझीलचा रिआल रुपयापेक्षा जास्त घसरला असेल, तर निर्देशांक काहीही सांगो, लातूरची पेंड ग्राहकाला महागच पडलेली असते.