तारीख कुठून मोजायची?

(दृश्य: टेबलावर पांढरी प्लास्टिकची पट्टी. हातमोजे घातलेली बोटं. ड्रॉपर.)

एचआयव्हीच्या चाचणीची, बोटभर लांबीची ही पट्टी. एका टोकाला छोटासा खळगा. त्यात सीरमचा एक थेंब पडला, त्यावर किटमधल्या द्रावणाचे दोन-तीन थेंब. आता नीट पाहा. गुलाबीसर ओल सरकत सरकत पुढे निघाली आहे. साधारण वीस मिनिटं थांबायचं.

(दृश्य: ‘C’ अक्षरासमोर उमटणारी रेघ, अगदी जवळून.)

‘C’पुढे एक रेघ आली. तिच्या शेजारी दुसरी काही नाही. रिपोर्टवर लिहिलं जाईल, ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’. बाहेर बाकावर बसलेला माणूस हा कागद हातात घेईल आणि सुटलो म्हणेल. पण ‘C’ची रेघ एवढंच सांगते, की पट्टी ठीक चालली. शेजारची जागा रिकामी आहे, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती अँटिबॉडी पट्टीला ओळखता येईल इतकी या रक्तात आज नाही. यातला ‘आज’ हा शब्द रिपोर्टवर कुठे छापलेला नसतो. या फिल्ममध्ये आम्ही तेवढ्याच शब्दाचा पाठपुरावा केला.

(दृश्य: सरकारी रुग्णालयाचा व्हरांडा. ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ अशी पाटी. लोक त्याला आयसीटीसी म्हणतात.)

केंद्रात येणाऱ्या कुणाचाही कागद आम्ही चित्रित केला नाही, करूही शकत नव्हतो. एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवण्याचा कायदा २०१७चा आहे आणि इथल्या समुपदेशक ताई तो काटेकोर पाळतात. मग त्यांनीच तोडगा काढला. कोरा कागद घेतला आणि त्यावर एक माणूस उभा केला. वय ३१, लग्न झालेलं, कामासाठी परगावी गेलेला. शनिवार, ४ जानेवारी २०२५. रात्री अकराच्या सुमारास कंडोमशिवाय संबंध. समोरच्या व्यक्तीच्या तब्येतीबद्दल काहीही माहिती नाही. सोमवारी सकाळी साडेअकराला तो ताईंसमोर बसला आहे.

(दृश्य: ताईंचं पेन. कागदाच्या माथ्यावर ‘४ जानेवारी’, त्याखाली दोन रेघा.)

“पहिला प्रश्न ‘कुणाबरोबर’ हा नसतो,” ताई म्हणतात. “पहिला प्रश्न असतो, किती तास झाले?”

साडेछत्तीस. म्हणजे ७२ तासांच्या आत. एचआयव्ही शरीरात मुक्काम टाकण्याआधी त्याला रोखणारी औषधं या मुदतीतच सुरू करावी लागतात, आणि मुदतीतही जितकी लवकर तितकी बरी. याला पीईपी म्हणतात. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकाच गोळीत मिळतात. रोज एक, २८ दिवस. गोळी कुणाला द्यायची हे डॉक्टर ठरवतात. जोडीदार एचआयव्हीवर उपचार घेत असेल आणि त्याच्या रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नसेल, तर ती लागत नाही. सहमतीच्या संबंधानंतर ही गोळी प्रत्येक सरकारी केंद्रात मिळेलच असं नाही. तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन बाहेरून आणावी लागते आणि या धावपळीत तास निघून जातात. रात्र असेल तर सकाळची ओपीडी उघडण्याची वाट पाहू नये, कॅज्युअल्टीत जावं.

(दृश्य: नस शोधणारी सुई. नळीत चढणारं रक्त. सेंट्रिफ्यूज फिरतंय.)

त्याच सोमवारी रक्तही घेतलं जातं. एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी. परवाच्या रात्रीचं यात काहीच दिसणार नाही. मग घ्यायचं कशाला? आधीपासून काही असेल तर ते आत्ताच कळावं म्हणून. शिवाय पुढच्या चाचणीला तुलनेसाठी हा पाया लागतो.

हाच पाया काही ठिकाणी ‘फुल बॉडी एसटीडी पॅकेज’ म्हणून तिसऱ्या दिवशी विकला जातो आणि निगेटिव्ह रिपोर्ट छान फोल्डरमध्ये घालून घरपोच येतो. असा एक फोल्डर आम्हीही पाहिला. लॅबचं नाव घेत नाही. त्यात सतरा पानं होती आणि पुढची तारीख एकाही पानावर नव्हती.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. ताई जानेवारीचं पान वर करतात.)

आता तारखा. यांना ‘विंडो पिरियड’ म्हणतात. जंतू आत शिरल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंतचा हा काळ. प्रत्येक जंतूचा वेगळा असतो, कारण प्रत्येक चाचणी वेगळी गोष्ट शोधत असते.

गनोरिया आणि क्लॅमिडिया या संबंधातून लागणाऱ्या रोगांसाठी रक्त चालत नाही. लघवीत किंवा कापसाच्या बोळ्यावर थेट जंतूचा जनुकीय अंश शोधतात. त्यासाठी दोन आठवडे थांबायचं. ताई लिहितात, ‘१८ जानेवारी, त्याआधी नाही’.

(दृश्य: लघवीची झाकणबंद बाटली. बोट पहिल्या खुणेवर.)

इथेच बऱ्याच जणांची चूक होते. लघवीच्या नेहमीच्या तपासणीमुळे मधली लघवी धरायची सवय झालेली असते. या चाचणीला अगदी सुरुवातीची धार लागते, पहिले वीस-तीस मिलिलिटर. त्याआधी किमान तासभर लघवीला गेलेलं नसावं. जंतू मूत्रमार्गाच्या अस्तराला चिकटलेले असतात. पहिली धार त्यांना धुऊन बाहेर आणते, मधल्या धारेत ते विरळ होतात. संबंध तोंडावाटे किंवा गुदद्वारातून झाला असेल, तर लघवी कितीही नीट दिली तरी उपयोग नाही. घशाचा किंवा गुदद्वाराचा बोळा घ्यावा लागतो आणि तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगावं लागतं. बाईसाठी योनीतला बोळा लघवीपेक्षा जास्त भरवशाचा. तो तिचा तिला घेता येतो.

(दृश्य: कपाटातली रंगीत औषधांची पाकिटं.)

ही जनुकीय चाचणी सगळ्या सरकारी दवाखान्यांत होत नाही. तिथे लक्षणावरून उपचार करतात आणि त्यासाठी रंगांची पाकिटं ठरलेली आहेत. लघवीच्या जागेतून पू येतोय? राखाडी पाकीट. पद्धत सोपी आणि स्वस्त आहे, औषध तिथल्या तिथे हातात पडतं. पण जखम, स्राव, जळजळ यातलं काहीच नसेल तर कुठलं पाकीट उघडायचं? क्लॅमिडिया बहुतेकांना काहीही त्रास न देता राहतो. म्हणून आमच्या माणसाने १८ तारखेची चाचणी खाजगीत करावी, असं ताई म्हणतात.

आणि लक्षण दिसलं, तर या सगळ्या तारखा बाजूला. जळजळ तिसऱ्या दिवशी सुरू झाली तर तिसऱ्याच दिवशी जायचं.

(दृश्य: फेब्रुवारीचं पान. १५ भोवती निळं वर्तुळ.)

सिफिलिस. याची पहिली जखम साधारण तीन आठवड्यांनी येते, पण दहाव्या दिवशीही येऊ शकते आणि नव्वदाव्याही. ती दुखत नाही आणि आपोआप भरून येते, त्यामुळे माणूस ती विसरून जातो. रक्तातली चाचणी सहा आठवड्यांनी, १५ फेब्रुवारीला. ती निगेटिव्ह आली तरी बाराव्या आठवड्याला, २९ मार्चला, पुन्हा एकदा. ताईंनी कंसात लिहिलं, ‘पाडव्याच्या आदल्या दिवशी’. नुसती तारीख लोक विसरतात, सण विसरत नाहीत.

(दृश्य: लस भरलेली सिरिंज.)

हिपॅटायटिस बीसाठी नुसतं थांबायचं नाही. लस आधी घेतली नसेल, तर पहिला डोस त्याच सोमवारी दंडात. अशा संबंधानंतर १४ दिवसांच्या आत दिली तरी तिचा उपयोग होतो. बाळांच्या लसीकरणात ही लस देशभर आली ती २०११मध्ये, म्हणजे आजच्या तिशीतल्या अनेकांना ती मिळालेलीच नाही. पुढचे डोस ६ फेब्रुवारी आणि ६ जुलै. रक्ताची पुन्हा तपासणी २९ मार्चच्याच फेरीत.

(दृश्य: पुन्हा ती पट्टी. मग ताईंच्या कागदावर खोडलेली एक तारीख.)

आता एचआयव्ही. चित्रीकरण करताना सगळ्यात जास्त वेळ आम्ही याच ठिकाणी घालवला, कारण इथे ताईंनी लिहिलेली तारीख खोडली.

आधी त्यांनी लिहिलं होतं ४ एप्रिल, संबंधापासून ९० दिवस. केंद्रातली पट्टी मुख्यतः अँटिबॉडी पाहते आणि त्या पुरेशा तयार व्हायला काहींना तीन महिने लागू शकतात. मोठ्या लॅबमधलं यंत्र अँटिबॉडीबरोबर विषाणूचं पी-२४ नावाचं प्रथिनही शोधतं. ते आधी दिसतं, म्हणून शिरेतलं रक्त घेऊन केलेल्या त्या चाचणीला ४५ दिवस पुरतात.

पण हा माणूस गोळ्या घेतो आहे. गोळ्या विषाणूला दाबून ठेवतात, त्यामुळे संसर्ग झालाच असेल तर त्याची खूण उशिरा उमटू शकते. अशा वेळी मोजणी संबंधाच्या रात्रीपासून करायची नाही, शेवटच्या गोळीपासून करायची. पहिली गोळी ६ जानेवारीला, अठ्ठाविसावी २ फेब्रुवारीला. लॅबचं यंत्र असेल तर तिथून ४५ दिवस म्हणजे १९ मार्च, रंगपंचमी. केंद्रातली पट्टी असेल तर ९० दिवस, ३ मे. बाकीच्या रोगांच्या तारखा मात्र ४ जानेवारीपासूनच चालतात. दोन मोजण्या एका कागदावर आल्या की गोंधळ होतो, म्हणून ताई एचआयव्हीची तारीख लाल पेनाने लिहितात.

पट्टीवर दुसरी रेघ आलीच, तर तेवढ्यावर कुणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. त्याच रक्तावर आणखी दोन वेगळ्या किट लावतात.

हर्पिस यात का नाही, असं आम्ही विचारलं. ताई म्हणाल्या, “फोड आला तर त्याच दिवशी या, फोडावरचा बोळा घेऊ. अंगावर काही नसताना नुसत्या रक्तावर हर्पिस शोधत बसलं की उत्तरापेक्षा घोर जास्त लागतो.”

(दृश्य: कागदाचा खालचा कोपरा. दोन ओळी घाईत लिहिलेल्या.)

शेवटच्या तारखेपर्यंत घरीही कंडोम. आणि रक्तदान अजिबात नाही. फुकटात तपासणी होते म्हणून शिबिरात जाणारे असतात. विंडोतलं रक्त चाचणीतून निसटतं आणि दुसऱ्याच्या अंगात जातं.

घरी बायकोला काय सांगायचं, हा भाग आमच्याकडे चित्रित नाही. ताईंनी तेवढ्यापुरता कॅमेरा बंद करायला सांगितला होता.

(दृश्य: ताईंचे हात. कागदाची उभी घडी, मग आडवी.)

कागदाच्या मागच्या बाजूला त्यांनी फक्त एक आकडा लिहिला, १०९७. एड्सविषयी माहिती देणारी राष्ट्रीय हेल्पलाइन, फोनला पैसे पडत नाहीत. आम्हाला वाटलं, हा कागद आता फिल्मसाठी आमच्याकडे ठेवता येईल. आम्ही हात पुढे केला. ताईंनी कागदाचे चार तुकडे केले आणि डब्यात टाकले. “अहो, माणूस खोटा आहे,” आम्ही म्हटलं.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “टेबलावर कुणाचाच कागद राहत नाही. आता बाहेर थांबा आणि जाताना दार ओढून घ्या. पुढचे बसलेत.”

(दृश्य: बंद होणारं दार. व्हरांड्यातला बाक. आवाज नाही.)