कमीत कमी उड्या: लोभी विचार केव्हा चालतो?

आज मांडायचा प्रश्न दिसायला लहान आहे. संख्यांची एक ओळ, म्हणजे अ‍ॅरे, दिलेली आहे. प्रत्येक घरातली संख्या सांगते की तिथून पुढे जास्तीत जास्त किती घरे उडी मारता येईल. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत कमीत कमी किती उड्यांत पोहोचता येईल, हे आपल्याला काढायचे आहे. ‘जास्तीत जास्त’ हे शब्द लक्षात ठेवावेत, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यांच्यावर उभा आहे.

उदाहरणासाठी [3, 4, 1, 1, 2, 3, 1, 1, 1] ही नऊ घरांची ओळ घेऊ आणि घरांना ० ते ८ असे क्रमांक देऊ. प्रत्येक वेळी शक्य तितकी लांब उडी मारावी, असे प्रथम सुचते. तसे केले तर आपण ० वरून ३, मग ४, ६, ७ आणि ८ असे पाच उड्यांत पोहोचतो. प्रत्यक्षात ० वरून १, तिथून ५ आणि तिथून ८ अशा तीनच उड्या पुरतात. एवढे पाहून ‘येथे ग्रीडी पद्धत, म्हणजे दर पायरीला सर्वांत चांगले दिसेल ते घेण्याची लोभी पद्धत, चालत नाही’ असा निष्कर्ष पुष्कळ जण काढतात, पण तो घाईचा आहे. चुकला तो लोभ कशाचा धरावा याचा निर्णय.

डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचा, म्हणजे आधीची उत्तरे तक्त्यात नोंदवून त्यांवरून पुढची काढण्याचा, मार्ग सरळ आहे. j या घरापर्यंत लागणाऱ्या किमान उड्यांना d[j] म्हणू. ज्या ज्या मागच्या i घरावरून j पर्यंत उडी पोहोचते, त्यांच्या d[i] मधली सर्वांत लहान किंमत घ्यावी आणि तिच्यात एक मिळवावा. उत्तर खात्रीने बरोबर येते. मात्र एक लाख घरे असतील आणि उड्याही लांब असतील, तर सुमारे ५०० कोटी तुलना कराव्या लागतात.

आपल्या ओळीसाठी हा तक्ता भरला की ०, १, १, १, २, २, ३, ३, ३ असे आकडे मिळतात. ते कुठेही उतरत नाहीत, आणि हा योगायोग नव्हे. समजा j+1 या घरावर आपण किमान उड्यांत पोहोचलो. शेवटची उडी j वरूनच मारली असेल, तर j पर्यंत एक उडी कमी लागली होती. ती आणखी मागून मारली असेल, तर तीच उडी एका घराने आखूड मारून j गाठता आले असते. म्हणून d[j] हे d[j+1] पेक्षा कधीच मोठे नसते.

एकदा हे कळले की संपूर्ण तक्ता ठेवण्याचे कारण उरत नाही. समान किमतीची घरे सलग पट्ट्यांत येतात, तेव्हा प्रत्येक पट्टा कुठे संपतो एवढेच माहीत असले की पुरे. चालू पट्ट्यातल्या सगळ्या घरांवरून जास्तीत जास्त कुठवर जाता येते, तिथे पुढचा पट्टा संपतो. योग्य लोभ तो हाच: उडीची लांबी न पाहता, ती मारल्यावर पुढे मिळणारी पोच पाहायची.

```python
def min_jumps(a):
    jumps = end = far = 0
    for i in range(len(a) - 1):
        far = max(far, i + a[i])
        if i == end:
            if far == i:
                return -1
            jumps += 1
            end = far
    return jumps
```

येथे `far` म्हणजे आतापर्यंतची सर्वांत दूरची पोच आणि `end` म्हणजे चालू पट्ट्याचा शेवट. आपल्या ओळीसाठी `end` अनुक्रमे ३, ५ आणि ८ होतो व उत्तर ३ येते. फेरी शेवटच्या घराच्या अलीकडेच थांबते, हे मुद्दाम केलेले आहे. ती क्रमांक ८ च्या घरापर्यंत नेली, तर तिथे `i == end` खरे ठरते आणि चौथी उडी उगीच मोजली जाते. पट्टा नेमका शेवटच्या घरावर संपत नसेल, तर ही चूक चाचणीत दिसतही नाही. शून्य असलेल्या घरांमुळे वाट खुंटली, तर `far == i` ही अट -1 परत करते.

आता प्रश्नात थोडा बदल करू. घरावर उतरण्याचे मूल्य द्यायचे आहे, क्रमांक १ च्या घराचे १० आणि बाकी सर्वांचे १. एकूण मूल्य कमीत कमी हवे. तीन उड्यांच्या वाटेला १२ पडतात, तर ०, ३, ४, ५, ८ या चार उड्यांच्या वाटेला फक्त ४. क्रमांक १ पर्यंतचे किमान मूल्य १० आणि क्रमांक २ पर्यंतचे १ असल्यामुळे आकडे आता उतरतात आणि पट्ट्यांचा आधारच निखळतो. उडी नेमकी तेवढ्याच घरांची असावी, अशी अट घातली तरी तेच होते, कारण मग उडी आखूड करण्याची मुभाच राहत नाही. मूल्याच्या प्रश्नासाठी d[j] चा तक्ता पुन्हा मांडावा लागतो.