५०१ व्या आकड्याच्या पलीकडे

[पडद्यावर: दोन कोरे चौकोन, ‘अ’ आणि ‘ब’. प्रत्येकावर १०० हा आकडा.]

दोन कर्जरोखे घेऊ, ‘अ’ आणि ‘ब’. प्रत्येकाची किंमत १०० एकक. वर्षभरात रोखा बुडण्याची शक्यता ४ टक्के. बुडाला तर सगळे १०० गेले, नाही बुडाला तर नुकसान शून्य. एक बुडाला म्हणून दुसरा बुडेल असं नाही, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. व्याज बाजूला ठेवू. ते धरलं तरी मुद्दा तोच राहतो, फक्त हिशोब किचकट होतो.

आता हाती २०० एकक आहेत. सगळे ‘अ’मध्ये टाकायचे, की निम्मे निम्मे दोन्हींत? वाटून टाकावेत, हे कुणीही सांगेल. पण जोखीम मोजण्याचं सर्वांत रुळलेलं माप, व्हॅल्यू ॲट रिस्क, ९५ टक्क्यांच्या पातळीवर नेमकं उलटं सांगतं. त्याच्या लेखी सगळे पैसे एकाच रोख्यात ठेवणं बिनधोक, आणि वाटून ठेवणं धोक्याचं. हे कसं होतं ते आकड्यांतच पाहू.

[पडद्यावर: १०,००० ठिपक्यांची रांग. प्रत्येक ठिपका म्हणजे एक संभाव्य वर्ष.]

शक्यतांच्या अचूक प्रमाणात १०,००० संभाव्य वर्षं मांडा. प्रत्येक वर्षाचं नुकसान लिहा आणि मोठ्याकडून लहानाकडे रांग लावा. ९५ टक्के पातळी म्हणजे सर्वांत वाईट ५ टक्के, अर्थात ५०० वर्षं बाजूला काढायची आणि ५०१ वा आकडा वाचायचा. तो आकडा म्हणजे व्हॅल्यू ॲट रिस्क, बोलताना व्हार.

फक्त ‘अ’ची रांग पाहा. १०,००० पैकी ४०० वर्षांत तो बुडतो. रांगेत पहिले ४०० आकडे १००, पुढचे सगळे शून्य. ५०१ वा आकडा शून्य. ‘ब’चंही तेच. दोघांच्या व्हारची बेरीज शून्य. आणि २०० च्या २०० एकट्या ‘अ’मध्ये टाकले तर? पहिले ४०० आकडे २०० होतात, ५०१ वा मात्र शून्यच राहतो.

आता दोन्ही रोखे एकत्र. दोन्ही बुडतात अशी १६ वर्षं, नुकसान २००. दोघांपैकी एकच बुडतो अशी ७६८ वर्षं, नुकसान १००. उरलेल्या ९,२१६ वर्षांत काहीच होत नाही. म्हणजे नुकसानीची वर्षं ७८४ झाली. बाजूला काढलेल्या ५०० मध्ये ती मावत नाहीत, आणि ५०१ वा आकडा येतो १००.

शून्य अधिक शून्य, आणि एकत्र केल्यावर १००.

[पडद्यावर: ४०० ची पट्टी ५०० च्या चौकटीत बसते. ७८४ ची पट्टी चौकटीबाहेर येते.]

एकत्र पोर्टफोलिओची जोखीम ही सुट्या जोखमींच्या बेरजेहून जास्त असू नये, या अटीला सबॲडिटिव्हिटी म्हणतात. ती इथे मोडली. कारण पट्टीकडे नीट पाहिलं की दिसतं. बुडण्याची ४ टक्के शक्यता ५ टक्क्यांच्या चौकटीत पूर्ण लपते, आणि त्या चौकटीच्या आत नुकसान किती मोठं आहे हे व्हार पाहतच नाही. रोखे एकत्र केले की मोठं नुकसान खूप विरळ होतं, छोटं नुकसान वारंवार होतं. आर्थिकदृष्ट्या हे चांगलंच. पण वारंवारता ५ टक्क्यांच्या वर गेली, आणि तेवढ्यावरच माप ओरडलं.

मग पातळी ९९ टक्क्यांवर नेली तर? आपल्या रोख्यांपुरती तक्रार मिटते. सुटा व्हार प्रत्येकी १०० येतो आणि दोन्ही बुडण्याची शक्यता ०.१६ टक्के असल्यामुळे एकत्रितही १००. पण बुडण्याची शक्यता ०.८ टक्के असलेले दोन रोखे घ्या. सुटा व्हार पुन्हा शून्य, आणि निदान एक बुडण्याची शक्यता जवळपास १.६ टक्के म्हणून एकत्रित व्हार पुन्हा १००. पातळी बदलल्याने दोष जात नाही, फक्त जागा बदलतो.

एखाद्या संस्थेत असे १० विभाग असतील, प्रत्येकाकडे ४ टक्क्यांचा एकेक स्वतंत्र रोखा, तर ९५ टक्के पातळीवर दहाही विभाग शून्य जोखीम कळवतील. संस्थेचा एकत्रित व्हार मात्र २०० निघेल, कारण दोन किंवा अधिक रोखे बुडण्याची शक्यता सुमारे ५.८ टक्के आहे. विभागवार मर्यादा ठरवून दिल्या की संस्थेची एकूण जोखीम आपोआप आवरली जाते, या समजुतीवर कामकाज चाललेलं असतं. मापच सबॲडिटिव्ह नसेल तर ती समजूत पोकळ ठरते. आणि व्हारच्या मर्यादेत बसायचं असेल तर मोठा फटका त्या चौकटीत ढकलणं हा सोपा मार्ग उरतो. बाजारभावापासून फार दूरच्या किमतीचे ऑप्शन विकले की नेमकं हेच घडतं: बहुतेक दिवस छोटा नफा, क्वचित प्रचंड तोटा.

हा दोष बराच काळ नजरेआड राहिला, त्यालाही कारण आहे. परतावे नॉर्मल वितरणाचे धरले, तर व्हार म्हणजे सरासरीपासून प्रमाण विचलनाच्या ठरावीक पटीचं अंतर, आणि प्रमाण विचलन सबॲडिटिव्ह असतंच. नॉर्मलसारख्या सगळ्या लंबवर्तुळी वितरणांत ५० टक्क्यांच्या वरच्या पातळीला व्हार नीट वागतो. गडबड सुरू होते ती एका बाजूला कललेल्या नुकसानीत, फार जाड शेपटीच्या, म्हणजे टोकाचं नुकसान नॉर्मलपेक्षा जास्त वेळा येणाऱ्या वितरणांत, किंवा एरवी शांत असलेल्या गोष्टी टोकालाच एकमेकींशी बांधल्या जातात तेव्हा. कर्ज, विमा आणि ऑप्शन यांत हे तिन्ही नेहमीचे.

१९९९ मध्ये आर्ट्झनर, डेलबाएन, एबर आणि हीथ यांनी जोखमीच्या मापाने पाळायच्या चार अटी मांडल्या. सबॲडिटिव्हिटी ही त्यातली एक. व्हार बाकीच्या तीन पाळतो, ही एक पाळत नाही.

[पडद्यावर: पुन्हा तीच रांग. बाजूला काढलेले ५०० ठिपके आता उजळतात.]

दुरुस्ती या ५०० ठिपक्यांतच आहे. ५०१ वा आकडा वाचण्याऐवजी बाजूला काढलेल्या ५०० आकड्यांचीच सरासरी घ्या. हा एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल.

‘अ’ची पहिली ५०० वर्षं: ४०० मध्ये १००, उरलेल्या १०० मध्ये शून्य. बेरीज ४०,०००, भागिले ५००, उत्तर ८०. ‘ब’चंही ८०, बेरीज १६०. दोन्ही एकत्र: १६ वर्षं २०० ची, मग ४८४ वर्षं १०० ची. बेरीज ५१,६००, सरासरी १०३.२. आणि सगळे २०० एकट्या ‘अ’मध्ये? १६०. वाटून ठेवलं तर १०३.२, एकाच ठिकाणी ठेवलं तर १६०. माप आता शहाण्यासारखं बोलतं.

हे या उदाहरणापुरतं जुळून आलं असं नाही. एकत्र पोर्टफोलिओच्या सर्वांत वाईट ५०० वर्षांवर बोट ठेवा. त्या वर्षांतलं एकूण नुकसान म्हणजे त्याच वर्षांतलं ‘अ’चं नुकसान अधिक ‘ब’चं नुकसान. समजा, एकच रोखा बुडाला अशी त्यातली ४८४ वर्षं दोघांत निम्मी निम्मी वाटली गेली. मग ‘अ’च्या वाट्याला १६ अधिक २४२, म्हणजे २५८ बुडीत वर्षं येतात, नुकसान २५,८००. पण ‘अ’ला स्वतःची सर्वांत वाईट ५०० वर्षं निवडू दिली, तर ती बेरीज ४०,००० होते. दुसऱ्याने निवडलेल्या ५०० वर्षांतली बेरीज स्वतःच्या वाईटातल्या वाईट ५०० वर्षांच्या बेरजेहून जास्त होऊच शकत नाही. ‘ब’लाही हेच लागू. दोन्ही असमानता मिळवा, सबॲडिटिव्हिटी सिद्ध झाली. वितरण कोणतंही असो, संबंध कसाही असो. व्हारला हा युक्तिवाद लावता येत नाही, कारण तो बेरीज करतच नाही, रांगेतला एक आकडा उचलतो.

इथे एक चूक फार वेळा होते. एक्स्पेक्टेड शॉर्टफॉलची व्याख्या ‘व्हारइतक्या किंवा त्याहून जास्त नुकसानीची सरासरी’ अशी लिहिली जाते. नुकसान सलग वितरणाचं असेल तर फरक पडत नाही. आपल्या रोख्यांवर लावून पाहा. ‘अ’चा व्हार शून्य, आणि शून्य किंवा जास्त नुकसान तर १०,००० च्या १०,००० वर्षांत आहे, म्हणून सरासरी फक्त ४. दोघांची मिळून ८. एकत्र पोर्टफोलिओत १०० किंवा जास्त नुकसानीच्या ७८४ वर्षांची सरासरी सुमारे १०२. पुन्हा तोच दोष, दुरुस्तीच्या नावाखाली. बरोबर पद्धत नुकसानीवर अट घालत नाही, शक्यतेचं वजन मोजते: नेमके ५ टक्के, कमी नाही, जास्त नाही. एकच आकडा सीमेवर पसरलेला असेल तर त्याचा हवा तेवढाच तुकडा घ्यायचा. आपण ७६८ पैकी ४८४ वर्षं घेतली, ती याचसाठी. २००२ मध्ये आचेर्बी आणि टाश यांनी हा तुकडा व्याख्येत नीट बसवला.

बँकांसाठी आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या बासल समितीने १९९६ मध्ये बाजार-जोखमीच्या अंतर्गत मॉडेलांसाठी ९९ टक्के व्हार स्वीकारला होता. जानेवारी २०१६ च्या मानकाने त्याजागी ९७.५ टक्के एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल आणला. पातळी खाली आली म्हणून ढिलाई झाली असं नाही. नॉर्मल वितरणात ९९ टक्के व्हार प्रमाण विचलनाच्या २.३३ पट येतो, आणि ९७.५ टक्के एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल २.३४ पट. शेपटी जाड झाली की मात्र दुसरा आकडा पुढे जातो.

[पडद्यावर: २५० दिवसांचा पट्टा. डावीकडून एक उंच स्तंभ बाहेर सरकतो.]

याची किंमतही मोजावी लागते. वर्षभराच्या, म्हणजे व्यवहाराच्या साधारण २५० दिवसांच्या नोंदींचे २.५ टक्के म्हणजे ६.२५ दिवस. सहा सर्वांत वाईट दिवस पूर्ण, सातव्याचा पाव हिस्सा, आणि भागायचं ६.२५ ने. समजा, वाईट दिवस असे आहेत: ५०, २२, २०, १९, १८, १७, १६, १५. पहिल्या सहांची बेरीज १४६, सातव्याचा पाव ४, एकूण १५०. उत्तर २४. आता पट्टा एक दिवस पुढे सरकला, ५० चा दिवस बाहेर पडला आणि त्याच्या जागी शांत दिवस आला. नवी बेरीज ११२ अधिक १५ चा पाव, म्हणजे ११५.७५, आणि उत्तर १८.५२. त्याच पातळीचा व्हार १६ वरून १५ झाला. जे माप टोकाकडे बघतं, ते टोकाच्या एकेका नोंदीवर हलणारच. एका रात्रीत जवळपास २३ टक्के जोखीम कमी झाल्याचं दिसलं, पण ५० चा दिवस पुन्हा येण्याची शक्यता तिळभरही बदललेली नाही. म्हणूनच नव्या मानकात हा आकडा फक्त ताज्या वर्षावरून काढू देत नाहीत. तो बाजारावर प्रचंड ताण असलेल्या १२ महिन्यांच्या काळाशी जुळवून घ्यावा लागतो.