‘तूर्तास’ वगळून

विषयपत्रिकेवर माझ्या नावासमोर ‘सशर्त देणगी नाकारणारं पत्र कसं लिहावं’ असं छापलंय. समोर बसलेल्यांपैकी बहुतेक जण शाळांचे विश्वस्त, सचिव किंवा मुख्याध्यापक आहात, तेव्हा देणगी शाळेसाठी काय असते हे मी तुम्हाला सांगायला नको. पत्राकडे येतोच. पण आधी एका शब्दाबद्दल बोलू द्या, कारण गेली कित्येक वर्षं तो माझ्या मनातून जात नाही. तो शब्द म्हणजे ‘तूर्तास’.

आमच्याच शाळेचे एक माजी विद्यार्थी. त्यांना आईच्या नावाने विज्ञानाची प्रयोगशाळा बांधून द्यायची होती. आईने त्यांना फार कष्टाने शिकवलं होतं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज भरून आला, हे मी समोर बसून पाहिलंय. आमची जुनी प्रयोगशाळा म्हणजे एका वर्गाचा अर्धा भाग, चार टेबलं आणि एकच नळ. आम्हाला किती आनंद झाला असेल, तुम्हीच ठरवा. इमारतीचा आराखडाही ते घेऊन आले होते. चेक सोबतच होता.

आणि सोबतच्या पत्रात सातव्या ओळीत अट होती. दरवर्षी पहिलीच्या वर्गातल्या पाच जागा त्यांच्या कुटुंबाने सुचवलेल्या मुलांना द्याव्यात.

आमचं प्रवेशाचं धोरण साधं आहे. पहिलीच्या जागा चाळीस. आधीच शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या धाकट्या भावंडांना आधी घेतो, उरलेल्या जागांसाठी सगळ्या पालकांसमोर चिठ्ठ्या काढतो. त्या वर्षी भावंडं अकरा होती, म्हणजे चिठ्ठीसाठी जागा उरल्या एकोणतीस. त्यातल्या पाच काढल्या की चोवीस. कागदावर पाच हा आकडा लहान दिसतो, पण ज्यांची शाळेत कुणाशी ओळख नाही अशा घरांसाठी असलेल्या जागांपैकी तो सहाव्या हिश्शाहून जास्त होतो. त्या पाच जागा भावंडांच्या वाट्यातून जात नाहीत, अनोळखी माणसाच्या वाट्यातून जातात. बैठकीत हा हिशेब फळ्यावर मांडेपर्यंत आमच्यातल्या दोघांना अट ‘किरकोळ’ वाटत होती. दात्यांचे एक नातेवाईक आमच्या मंडळावर होते. ते चर्चा सुरू व्हायच्या आधीच स्वतःहून उठून बाहेर गेले. त्यांच्याबद्दल मला आजही आदर वाटतो.

ठराव एकमताने झाला. पत्र मी लिहिलं. आणि माझ्या हातून चूक झाली. माणूस मोठ्या मनाचा, वयाने वडीलधारा, त्यांना दुखवायचं कसं, या काळजीत मी लिहिलं : ‘आपल्या उदार प्रस्तावाबद्दल संस्था ऋणी आहे. तथापि सद्यःस्थितीत सदर अटीसह देणगी स्वीकारणे तूर्तास शक्य होत नाही.’ वर चेकही कार्यालयाच्या कपाटात राहू दिला. बँकेत भरला नाही, पण परतही केला नाही.

पुढच्या वर्षी प्रवेशाचे अर्ज सुरू झाले आणि त्यांचा निरोप आला. सोबत पाच मुलांची नावं. त्यांनी ‘तूर्तास’ वाचला होता आणि एक वर्ष थांबले होते. त्यांचं काय चुकलं? त्या पाच घरांना त्यांनी शब्द दिला होता. त्या घरांनी दुसरीकडे अर्ज केले नव्हते आणि तिकडच्या मुदती उलटून गेल्या होत्या. मी मऊ शब्द वापरला माझी अडचण टाळायला, आणि त्याची किंमत भरली पाच लहान मुलांनी.

प्रवेशाची अट एकदा देणगीत शिरली की ती किती वर्षं टिकते, याचं एक उदाहरण सांगतो. फिलाडेल्फियाचे स्टीफन जिरार्ड १८३१ साली वारले. अनाथ मुलांच्या शाळेसाठी त्यांनी अफाट संपत्ती ठेवली, पण मृत्युपत्रात लिहिलं की मुलगे हवेत, गरीब हवेत आणि गोरे हवेत. शाळा १८४८ साली उघडली. १९५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णाची अट चालणार नाही असा निकाल दिला. कारण शाळेचं विश्वस्त मंडळ सरकारी होतं. मग कारभार खाजगी विश्वस्तांकडे सोपवला गेला आणि अट तशीच राहिली. पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आत आले १९६८ मध्ये, आणि मुलींना १९८४ पर्यंत थांबावं लागलं. देणारा केव्हाच गेला होता. आमची पाच जागांची अट त्या जातीची नव्हती, हे मला मान्य आहे. पण आत कोण येणार हे ठरवण्याचा अधिकार पैशाबरोबर दिला की तो परत मिळवायला किती पिढ्या जातात, ते यातून दिसतं.

संयोजकांनी पाच मिनिटांची चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा पत्राकडे वळतो.

आधी अट नीट ओळखा. पैसा कशावर खर्च करायचा, ही अट बहुधा चालते. प्रयोगशाळाच बांधा म्हणणं, आईचं नाव द्या म्हणणं, यात गैर काही नाही. कुणाला आत घ्यायचं, ही अट चालत नाही. ‘जागा नकोत, फक्त आमच्या शिफारशीचा विचार व्हावा’ असं म्हटलं तरी ती तीच अट असते, कारण चिठ्ठी काढताना शिफारशीचा विचार करायला जागाच नसते. निर्णय मंडळाचा हवा, कार्यवृत्तात कारणासह लिहिलेला हवा, आणि तो होईपर्यंत चेक भरू नका, पावती फाडू नका. मुख्याध्यापकांनी फोनवर ‘फार आनंद झाला’ म्हटलं तरी समोरच्याला तो होकार वाटतो.

पत्रात आभार पहिल्या परिच्छेदात, आणि ते त्या माणसाचे, त्या गोष्टीचे. ‘उदार प्रस्ताव’ कुणालाही लिहिता येतो. आमच्या दुसऱ्या पत्रात आम्ही लिहिलं : ‘आईंनी आपल्याला कसं शिकवलं, हे आपण आम्हाला विश्वासाने सांगितलंत. शाळेतला नळ एकच आहे हे इतक्या वर्षांनी आपल्या लक्षात होतं. याबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत.’

दुसऱ्या परिच्छेदाचं पहिलंच वाक्य नकाराचं : ‘ही देणगी संस्था स्वीकारणार नाही.’ त्यात ‘तूर्तास’ नको, ‘खेदाने कळवावे लागते की’ नको. त्याखाली कारण, प्रवेश धोरणातलं कलम जसंच्या तसं. ‘मंडळातल्या काहींचं मत’ असं लिहू नका, नाहीतर दाते त्या काहींना भेटायला जातात. कमी जागांचा पर्याय त्या पत्रात मांडू नका. आम्ही एकच वाक्य लिहिलं, की प्रवेशाशी संबंध नसलेल्या कुठल्याही इच्छेबद्दल बोलायला आम्ही केव्हाही येऊ. त्या वाक्याचा जोर नकारापेक्षा जास्त वाटू देऊ नका.

पत्र आणि चेक घेऊन आम्ही दोघे विश्वस्त त्यांच्या घरी गेलो. आधी ‘तूर्तास’बद्दल मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चेक खिशात ठेवला आणि म्हणाले, "हे मागच्या वर्षी सांगितलं असतंत तर त्या पोरांचं वर्ष गेलं नसतं." मग आम्हाला दारापर्यंत सोडायला आले. प्रयोगशाळा आम्हाला मिळाली नाही. ते अजून स्नेहसंमेलनाला येतात, पहिल्या रांगेत बसतात.