गच्चीवरचा चौरस मीटर

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेदहाला माझ्या भाच्याचा फोन आला. आवाज चढलेला. "मामा, फसवलं आपल्याला!" पाथर्डी फाट्याजवळ त्याने दोन बेडरूमचा फ्लॅट ठरवला होता. बोलणी झाली ती ६३० चौरस फूट चटई क्षेत्राची, म्हणजे आपण ज्याला कार्पेट म्हणतो त्याची. करारनाम्याचा मसुदा हातात आला, त्यात आकडा होता ५८.५३ चौरस मीटर. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट हे त्याला शाळेपासून पाठ. त्याने ५८.५३ ला ३.२८ ने गुणलं आणि उत्तर आलं १९२. "सहाशे तीस सांगितले आणि लिहिले एकशे ब्याण्णव!"

मी विचारलं, पडताळून पाहिलंस का? म्हणाला, "हो तर! १९२ ला परत ३.२८ ने भागलं, बरोबर ५८.५३ येतात."

मी इमारतींची अंदाजपत्रकं करतो, आज तीस वर्षं झाली. आणि या एका वाक्यासाठीच आज तुमच्याशी बोलायला आलोय. उलट हिशोब करून आकडा परत आला म्हणजे रूपांतर बरोबर, अशी आपली पक्की समजूत असते. पण ज्या आकड्याने गुणलं त्याच आकड्याने भागलं, तर मूळ रक्कम परत येणारच. भाच्याने ३.२८ च्या जागी ७ घेतले असते, नाहीतर घराचा नंबर घेतला असता, तरी ५८.५३ परत आलेच असते. उलट हिशोबात गुणाकाराची चूक सापडते, टाइप करताना निसटलेला आकडा सापडतो. गुणक मुळातच चुकीचा घेतला असेल, तर तो मात्र सापडत नाही. त्याला दुसऱ्या वाटेने गाठावं लागतं.

ती दुसरी वाट मी त्याला फोनवरच दाखवली. म्हटलं, १९२ चौरस फूट म्हणजे बारा फूट बाय सोळा फूट. तुझ्या आईचा सिडकोतला हॉल साधारण एवढाच आहे. त्यात दोन बेडरूम, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम बसवून दाखव. तो गप्प झाला. फ्लॅट तर तो स्वतःच्या डोळ्यांनी बघून आला होता.

मग ३.२८ चुकतं कुठे? ते लांबीसाठी बरोबर आहे, क्षेत्रफळासाठी नाही. हे कागदावर पटत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला गच्चीवर नेलं. खडू आणि मीटरचा टेप घेतला, एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखला. आता त्यात एका कोपऱ्यापासून फूट बाय फुटाचे चौकोन आख, म्हटलं. तीन ओळी, प्रत्येकीत तीन, असे नऊ चौकोन पूर्ण बसले. उजव्या बाजूला एक पट्टी उरली, वरच्या बाजूलाही तशीच एक. पट्टीची रुंदी ०.२८ फूट, म्हणजे सव्वातीन इंचांहून किंचित जास्त, आणि लांबी तीन फूट. एका पट्टीचं क्षेत्रफळ ०.८४ चौरस फूट, दोन पट्ट्यांचं १.६८. आणि दोन्ही पट्ट्या जिथे भेटतात तिथला चिमुकला कोपरा, ०.०८ चौरस फूट. नऊ अधिक १.६८ अधिक ०.०८, झाले १०.७६. हाच आपला गुणक. जरा बारीक हवा असेल तर १०.७६४ घ्या. त्याहून बारीक घरच्या हिशोबात लागत नाही.

५८.५३ गुणिले १०.७६४, उत्तर ६३०. बिल्डरचं बोलणं आणि करारनामा, दोन्ही खरे होते.

तोंडी अंदाजासाठी मी स्वतः काय करतो ते सांगतो. चौरस मीटरला दहाने गुणायचं आणि येईल त्यात साडेसात टक्के मिळवायचे. ५८.५३ चे झाले ५८५, त्याचे साडेसात टक्के ४४, बेरीज ६२९. एवढं जवळ पोहोचलं की कॅल्क्युलेटरवर आलेलं उत्तर ओळखता येतं. तिथे १९२ दिसले, तर बोट कुठेतरी भलत्याच आकड्यावर पडलंय.

पडताळ्याची आणखी एक वाट पैशांची. सरकारी मूल्यदर तक्त्यात, म्हणजे रेडी रेकनरमध्ये, भाव चौरस मीटरला असतो आणि दलाल बोलतो चौरस फुटाला. समजा, भाव पाच हजार रुपये चौरस फूट. चौरस मीटरचा भाव काढताना पाच हजारांना १०.७६४ ने गुणायचं, भागायचं नाही. एक चौरस मीटर मोठा, म्हणून त्याची किंमतही मोठी. आले ५३,८२०. इथे बरेच जण भागून बसतात आणि भाव साडेचारशेवर आणतात. आता दोन्हीकडून एकूण रक्कम काढा. ६३० गुणिले पाच हजार, साडेएकतीस लाख. ५८.५३ गुणिले ५३,८२०, साडेएकतीस लाख आणि वर पंच्याऐंशी रुपये. ते पंच्याऐंशी रुपये दशांश कापल्याचे. क्षेत्र आणि भाव दोन्ही बदलूनही घराची किंमत तीच राहिली, म्हणजे दोन्ही रूपांतरं नीट झाली. ती शंभराहून जास्त पटींनी फुगली किंवा आटली, तर एकीकडे गुणाकाराच्या जागी भागाकार झालाय.

भाच्याचं समाधान झालं, पण आठवड्याभरापुरतंच. तो नमुना फ्लॅटमध्ये जाऊन फरशा मोजून आला. हॉलमध्ये एका बाजूला पाच फरशा, दुसऱ्या बाजूला आठ, अख्ख्या, कुठे कापलेली नाही. फरशी 'दोन बाय दोन'ची. म्हणजे हॉल दहा फूट बाय सोळा फूट, १६० चौरस फूट. आणि नकाशात लिहिलेलं ३.०० मीटर बाय ४.८० मीटर, १४.४० चौरस मीटर, म्हणजे १५५ चौरस फूट. "मामा, पाच फूट गेले कुठे?"

कुठेही गेले नाहीत. दुकानदार जिला दोन बाय दोन म्हणतो, ती फरशी ६०० मिलिमीटरची असते. खरे दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. टेप इंचांच्या बाजूने लावला तर फरशी दोन फुटांना तोकडी पडते, अर्ध्या इंचापेक्षा थोडी कमी, पण पेन्सिलीच्या जाडीपेक्षा जास्त. एका फरशीत हा फरक खुपत नाही. पण तो लांबीतही आहे आणि रुंदीतही, म्हणून क्षेत्रफळात तो दुप्पट होऊन येतो. लांबीत दीड टक्का, क्षेत्रफळात तीन. त्यामुळे फरशा मोजून पडताळा करायचाच असेल तर मीटरमध्येच करा. पाच गुणिले ०.६ म्हणजे तीन मीटर, आठ गुणिले ०.६ म्हणजे ४.८ मीटर. नकाशाशी तंतोतंत जुळलं.

ओघात एक सांगून ठेवतो. सगळ्या खोल्यांची आतली मापं घेऊन बेरीज केली, तरी ती ५८.५३ होणार नाही, कमीच भरेल. रेराच्या व्याख्येत घरातल्या घरातल्या आडभिंतींची जागा चटई क्षेत्रात धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. ही तफावत रूपांतराची नाही. म्हणून आधी दोन्ही आकडे चौरस मीटरमध्येच समोरासमोर ठेवावेत, भिंतींचा हिशोब तिथेच मिटवावा आणि फूट अगदी शेवटी काढावेत.

आता शेतकरी श्रोत्यांकडे वळतो, कारण खरा पैसा तिकडे अडकतो.

निफाडकडे माझे मेहुणे आहेत, द्राक्षबाग आहे. शेजारचा एक तुकडा विकायला निघाला. विकणारा म्हणाला, एक एकर. सातबाऱ्यावर शून्य हेक्टर चाळीस आर. मेहुणे म्हणाले, "बरोबर आहे की, चाळीस गुंठ्यांचा एकर." आर म्हणजे गुंठा हे आपल्याकडे इतकं रुळलंय, की कोणी थांबून विचारतसुद्धा नाही.

आर म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर, शंभर चौरस मीटर. गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, १०८९ चौरस फूट. दोन्ही सारखे मानायचे, तर दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट असायला हवेत. पण तेहतीस फूट म्हणजे १०.०५८ मीटर. बाजूला सहा सेंटिमीटरांचाही फरक नाही, वीतभरसुद्धा नाही. पण पुन्हा तीच गोष्ट, तो दोन्ही बाजूंना आहे. म्हणून गुंठा आरापेक्षा सव्वा टक्क्याच्या आसपास मोठा निघतो, १०१.१७ चौरस मीटर.

चाळीस आर म्हणजे चार हजार चौरस मीटर. गुणिले १०.७६४, झाले ४३,०५६ चौरस फूट. एकर असतो ४३,५६० चौरस फुटांचा. हे दोन आकडे कागदावर शेजारीशेजारी लिहून पाहा. ४३,०५६ आणि ४३,५६०. अंक तेच, फक्त शून्याची जागा बदललेली. मी स्वतः पहिल्यांदा दोन्ही एकच समजून पुढे गेलो होतो. वजाबाकी केली तेव्हा ५०४ निघाले. पाचशे चार चौरस फूट, जवळजवळ अर्धा गुंठा. भरल्या बागेत तेवढ्यात वेलींची चांगली ओळ उभी राहते, आणि रस्त्याकडेच्या जमिनीत तर त्याचे पैसे काय होतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

पूर्ण एकर असता, तर सातबाऱ्यावर शून्य हेक्टर, चाळीस आर, सत्तेचाळीस चौरस मीटर दिसायला हवं होतं. शेवटचे ते सत्तेचाळीस चौरस मीटर म्हणजेच आपले पाचशे चार चौरस फूट. दोन वेगळ्या वाटांनी एकाच जागी आलो, तेव्हा मी मेहुण्यांना म्हटलं, दाजी, आता बोलायला हरकत नाही.

विकणारा काही लबाड नव्हता. त्याच्या वडिलांपासून घरात त्या तुकड्याला एकरच म्हणत आले होते. कागद पुढे ठेवला, त्याच्या मुलाने मोबाइलवर स्वतः गुणून पाहिलं, आणि व्यवहार एकराचा भाव सोडून आराच्या भावाने ठरला. चाळीस आर, दर आराला अमुक. खरेदीखतातही तेच लिहिलं, एकर हा शब्द कुठेच आला नाही. बांधावर मात्र अजूनही सगळे त्याला एकराचा तुकडाच म्हणतात.

नमस्कार.